गाडी दारात उभी, टोल मात्र कापला

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याला पुण्याला गेलो होतो. शनिवारी पहाटे निघालो, रविवारी दुपारी घरी. रात्री दाजींचा फोन आला. "लेका, येताना तीन नाक्यांवर पूर्ण टोल कापलाय माझ्या गाडीचा. चोवीस तासांत परत आलं की अर्धा लागतो न्हवं? लुटायलेत मर्दा!" दोन्ही गाड्या मागंपुढंच होत्या, म्हणजे माझंही तसंच झालं असणार. पाच मिनिटं मीही तापलो. टोल म्हटलं की कोल्हापूरकराचं डोकं तसंही लवकर फिरतं, शहरातला टोल हाकलून लावलेली माणसं आपण.

मग फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं. एसएमएस नव्हे, स्टेटमेंट. एसएमएसवर भरवसा ठेवू नका, कारण तो पैसे वळते झाल्यावर येतो, आणि कधीकधी गाडी नाका ओलांडून तास-दोन तास झाल्यावर. नाक्यावरच्या यंत्रानं टॅग नेमका कधी वाचला ती वेळ स्टेटमेंटमध्ये असते. बऱ्याच बँका ती रीडर टाइम म्हणून वेगळ्या रकान्यात देतात. हिशेब त्या वेळेवर करायचा.

जाताना किणी ६:३०, तासवडे ७:२५, आनेवाडी ८:१५, खेड शिवापूर ९:४०. येताना उलटा क्रम: खेड शिवापूर ८:०५, आनेवाडी ९:२०, मग तासवडे, शेवटी किणी. आता चोवीस तास लावून बघा. ते घरातून निघाल्यापासून मोजत नाहीत, प्रत्येक नाक्याचे वेगळे असतात. खेड शिवापूरला मुदत रविवारी ९:४० पर्यंत होती, आम्ही ८:०५ ला आलो, तिथं अर्धाच कापला. आनेवाडीची मुदत ८:१५ ला संपलेली, आम्ही तासाभरानं उशिरा. पुढच्या दोन्हींची तर कधीच संपलेली. घराजवळचा नाका जाताना सगळ्यात आधी लागतो आणि येताना सगळ्यात शेवटी, त्यामुळं सवलत पहिल्यांदा तिथंच हुकते. दाजींना समजावलं. "म्हणजे वहिनीनं नाष्ट्याला थांबवलं नसतं तर?" तर आनेवाडी सुटला असता, किणी नाहीच. किणीला साडेसहाच्या आत पोचायचं तर पुण्यातून मध्यरात्रीनंतर निघावं लागलं असतं.

मात्र स्टेटमेंट उघडलंच होतं म्हणून दुसरं एक सापडलं. सोमवार, ११:५२, आमच्या रस्त्यावर न येणारा एक लांबचा नाका. नाव घेत नाही. पहिल्यांदा वाटलं प्रवासातलीच नोंद उशिरा आली असेल, पण टॅग वाचल्याची वेळसुद्धा सोमवारचीच होती. आणि सोमवारी गाडी राजारामपुरीत आमच्या दारात उभी. शेजाऱ्यांच्या सीसीटीव्हीत दिसतेय, मांजर बॉनेटवर झोपलेलं.

असं होतं कसं? लेनमध्ये टॅग वाचला गेला नाही की कर्मचारी गाडीचा नंबर हातानं टाकतो. एक आकडा चुकला की पैसे दुसऱ्याच्या वॉलेटमधून जातात. ज्याचे जातात तो तिथं नसतोच, भांडणार कोण? अशा चुकीच्या वसुलीला ठेकेदाराला प्रत्येक प्रकरणी १ लाख रुपये दंड आहे, पण तो तक्रार झाली तर. आणि आपण तक्रार करत नाही, कारण ऑटो रिचार्ज लावून ठेवलेला असतो. शिल्लक कमी झाली की आपोआप भरते आणि चोरी कळतच नाही. माझं स्पष्ट मत आहे, ऑटो रिचार्ज ही सोय नाही, डोळ्यावरची पट्टी आहे. मी बंद केलाय.

तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडं करायची, नाक्यावर जाऊन उपयोग नाही. ॲपमध्ये त्या नोंदीवरच वाद नोंदवला. व्यवहार क्रमांक, वाचल्याची वेळ आणि सीसीटीव्हीतला त्या वेळेचा फोटो दिला. "माझे पैसे चुकून कापले" एवढंच लिहिलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. सोबत १०३३ या महामार्गाच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि falsededuction@ihmcl.com वर मेल टाकला. वाद नोंदवला की गाडी खरंच तिथून गेली हे नाक्याच्या बाजूला दाखवावं लागतं, आणि लेनमध्ये फोटो निघतोच. बँकेच्या पोरानं फोनवर सांगितलं, "सर, फोटोतल्या गाडीचा शेवटचा आकडा ८ आहे, तुमचा ३." बास, इतकंच.

पैसे परत आले, ८५ रुपये. दाजी म्हणाले, एवढ्यासाठी तू सगळी सकाळ घालवलीस? घालवली. काल त्यांनी स्वतःचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट पाठवलंय, "जरा बघ की" म्हणून.