प्रतिक्रियेला उत्तर: ग्रुपवर अंगठा टाकला म्हणजे दंड मान्य?

पीजीत उशिरा आल्याचा दंड डिपॉझिटमधून कापण्याच्या नियमाला काय उत्तर द्यायचं, ते मी मुलींना सांगितलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "पोरींना मालकांशी भांडायला शिकवताय. ग्रुपवर नियम टाकला, सगळ्यांनी अंगठा टाकला, म्हणजे मान्य झालं. घर आमचं. तुमच्यासारख्यांना पीजी चालवावं लागत नाही."

नमस्कार. 'तुमच्यासारख्यांना' हा शब्द टाळला असतात तर बरं झालं असतं. सोलापुरात भाड्याचे करार लिहिण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्यात जास्त करार मालकांचेच होते.

घर तुमचं, गेट किती वाजता बंद करायचं ते तुम्ही ठरवणार, हे मान्य. पण गेटची वेळ वेगळी आणि दंड वेगळा.

आता तुमचा अंगठा. जुळे सोलापुरातलं एक पीजी धरा. जूनमध्ये सही झालेल्या कागदावर लिहिलंय: डिपॉझिट 6000, गेट रात्री 10 ला बंद. दंडाचा उल्लेखच नाही. गड्ड्याची जत्रा सुरू व्हायच्या आधी ग्रुपवर मेसेज येतो: "9.30 नंतर आल्यास दर वेळी 500 रु. डिपॉझिटमधून कापले जातील." मुलगी अंगठा टाकते. मे महिन्यात खोली सोडताना तीन रात्रींचे 1500 कापलेले दिसतात.

अंगठा म्हणजे मेसेज वाचला, असं ती म्हणणार. अट स्वीकारली, असं तुम्ही म्हणणार. तुमचंच खरं धरू. तरी 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 आडवं येतं. करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी भरपाई मिळते, आपोआप पूर्ण आकडा मिळत नाही. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या कैलाशनाथ निकालात स्पष्ट केलंय. म्हणून माझा एकच प्रश्न: त्या तीन रात्री तुमचे किती गेले? वॉचमनला थांबवून रात्रीचे 100 जादा दिले असतील, तर 300 मागा आणि त्याची नोंद दाखवा. उरलेले 1200 कशाचे? जूनच्या कागदात 500 लिहून सही घेतली असती तरी हा प्रश्न सुटला नसता, फक्त तुमची बाजू जरा भक्कम झाली असती.

यात भांडण कुठे दिसलं तुम्हाला? मुलींना मी एवढंच सांगितलं होतं की अंगठ्याऐवजी हे टाका: "मेसेज मिळाला. गेटची वेळ समजली. दंडाची अट सहीच्या कागदात नाही, ती मला मान्य नाही." याला उर्मटपणा म्हणत असाल, तर पुढे बोलणंच खुंटलं.

 

मालक म्हणून तुम्हाला पैसे खरंच वसूल करायचे असतील, तर कापलेल्या प्रत्येक रकमेपुढे तारीख आणि कारण लिहून हिशेबाचा कागद द्या. ग्रुपवरचा नुसता "1500 वजा" हिशेब म्हणून टिकत नाही.