क्विकसॉर्टच्या स्लाइडवरील चार विधाने

«बेस्ट केस आणि वर्स्ट केस यांच्या मधोमध येतो तो ॲव्हरेज केस. क्विकसॉर्टचा O(n²) हा वर्स्ट केस परीक्षेपुरता असतो, खऱ्या डेटावर तो येत नाही. तरी भीती वाटत असेल तर पिव्हट रँडम घ्या, प्रश्न मिटला. आणि लक्षात ठेवा, Big-O म्हणजेच वर्स्ट केस.»

डेटा स्ट्रक्चर्सच्या कितीतरी स्लाइडमधून हा मजकूर जसाच्या तसा फिरत असतो. यातील पहिल्या विधानाला थोडा जास्त वेळ द्यावा लागेल, कारण बाकीच्या चुकांचे मूळ त्यातच आहे.

तीनच वेगवेगळ्या संख्या घेऊ: १, २ आणि ३. त्या सहा क्रमांनी मांडता येतात. क्विकसॉर्ट एक घटक पिव्हट म्हणून निवडतो, त्याहून लहान घटक डावीकडे व मोठे उजवीकडे टाकतो आणि दोन्ही बाजूंवर तेच पुन्हा करतो. यादीतील पहिला घटक पिव्हट धरला, तर पहिल्या फेरीत उरलेल्या दोघांची पिव्हटशी तुलना होते, म्हणजे दोन तुलना प्रत्येक क्रमात ठरलेल्याच आहेत. पिव्हट २ असेल तर डावीकडे एक आणि उजवीकडे एक घटक जातो आणि काम तिथेच संपते. पिव्हट १ किंवा ३ असेल तर दोन्ही घटक एकाच बाजूला पडतात आणि त्यांच्यासाठी आणखी एक तुलना लागते. सहा क्रमांपैकी दोन क्रमांची सुरुवात २ ने होते, चारांची होत नाही. म्हणून एकूण तुलना १६ आणि सरासरी १६/६, म्हणजे सुमारे २.६७. बेस्ट २, वर्स्ट ३, त्यांचा मध्य २.५, सरासरी त्या मध्यावर नाही.

एवढ्याशा उदाहरणात हा फरक किरकोळ वाटेल, पण यादी वाढली की तो प्रचंड होतो. n वेगवेगळ्या घटकांचा प्रत्येक क्रम सारख्याच शक्यतेचा मानला, तर सरासरी तुलनांची संख्या 2(n+1)Hₙ − 4n येते, आणि त्यातील Hₙ म्हणजे 1 + 1/2 + … + 1/n ही बेरीज. हजार घटकांसाठी हे सूत्र सुमारे १०,९८६ तुलना देते. त्याच यादीसाठी सर्वांत कमी तुलना ७,९८७ आणि सर्वांत जास्त ४,९९,५०० असतात. या दोन टोकांचा मध्य अडीच लाखांच्या वर जातो, आणि सरासरी मात्र बेस्ट केसला जवळजवळ खेटून बसलेली दिसते. याचे कारण असे की एखाद्या फेरीत पिव्हट अगदी टोकाचा निघाला तरी फारसे बिघडत नाही. खर्च वर्गाच्या पटीत जाण्यासाठी दुर्दैव जवळपास प्रत्येक फेरीत ओढवावे लागते, आणि प्रत्येक फेरीत ते ओढवणारे क्रम एकूण क्रमांच्या तुलनेत मूठभरच आहेत: n! पैकी 2ⁿ⁻¹. दहा घटकांसाठी म्हणजे ३६,२८,८०० पैकी ५१२.

मधोमधाची ही समजूत बहुधा इन्सर्शन सॉर्टवरून आली असावी, कारण तिथे ती खरी ठरते. त्यात घटक सरकवण्याची संख्या वर्स्ट केसमध्ये n(n−1)/2, बेस्टमध्ये शून्य आणि सरासरीत बरोबर निम्मी, n(n−1)/4 असते. कोणताही क्रम आणि त्याचा उलटा क्रम यांची जोडी लावली, तर एकात सरकवाव्या न लागणाऱ्या जोड्या दुसऱ्यात सरकवाव्या लागतात आणि दोघांची बेरीज कायम राहते. क्विकसॉर्टमध्ये ही सममिती नाही; पहिला घटक पिव्हट असेल तर चढती यादी आणि उतरती यादी दोन्ही वर्स्ट केसच आहेत.

दुसऱ्या विधानाचे उत्तर यातच दडले आहे. वर्स्ट केस विरळ आहे तो सर्व क्रम सारखेच शक्य असतील तेव्हा. डेटाने मात्र तसे वागण्याचे वचन कोणालाही दिलेले नसते. तारखेनुसार साठत गेलेल्या नोंदी, एकदा सॉर्ट करून शेवटी चार नोंदी जोडलेली यादी, रोल नंबरप्रमाणे आलेली फाइल, या सगळ्या आधीच चढत्या किंवा चढत्यासारख्या असतात. स्लाइडवरचा नेहमीचा कोड पाहू:

```python
def partition(a, lo, hi):
    pivot = a[lo]
    i = lo
    for j in range(lo + 1, hi + 1):
        if a[j] < pivot:
            i += 1
            a[i], a[j] = a[j], a[i]
    a[lo], a[i] = a[i], a[lo]
    return i
```

याला चढती यादी दिली की `if` मधील अट एकदाही खरी होत नाही, `i` जागचा हलत नाही आणि प्रत्येक फेरीत फक्त पिव्हट बाजूला होतो. पायथनमध्ये त्याचे लक्षण ताबडतोब दिसते: रिकर्शनची मूळ मर्यादा १००० असल्याने दोन हजार घटकांची सॉर्ट केलेली यादी वेळ मोजण्याआधीच `RecursionError` देते. मर्यादा वाढवून मोजले तर यादी दुप्पट केल्यावर वेळ साधारण चौपट होतो. वेळ n log n च्या प्रमाणात असता तर तो दुपटीपेक्षा थोडाच जास्त झाला असता. ग्रंथालये लिहिणाऱ्यांनीही हा वर्स्ट केस परीक्षेपुरता मानलेला नाही. डेव्हिड मसर यांनी १९९७ मध्ये मांडलेला इंट्रोसॉर्ट रिकर्शनची खोली ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच हीपसॉर्टकडे वळतो, आणि C++ च्या २०११ च्या मानकाने `std::sort` साठी O(n log n) ही हमी सरासरीपुरती न ठेवता प्रत्येक इनपुटसाठी बंधनकारक केली.

रँडम पिव्हटबद्दलचे विधान अर्धे बरोबर आहे. `partition` च्या आधी `a[lo]` ची `lo` ते `hi` मधील कोणत्याही एका घटकाशी यदृच्छया अदलाबदल केली, तर क्रम सारखेच शक्य असण्याची अट डेटावरून उठून अल्गोरिदमच्या नाणेफेकीवर येते. मग चढत्या यादीसाठीही अपेक्षित तुलना त्याच १०,९८६, आणि नेमका एखादा इनपुट कायम वाईट ठरत नाही. हा फरक खरा आहे, आणि स्लाइडवर ‘अपेक्षित’ व ‘ॲव्हरेज’ एकाच रकान्यात टाकले की तोच पुसला जातो. पण वरच्या सूत्रात घटक वेगवेगळे असल्याचे गृहीत आहे. हजार सारख्याच किमती द्या: कोणताही पिव्हट निवडला तरी `a[j] < pivot` कधीच खरे होणार नाही आणि दर वेळी ४,९९,५०० तुलना होतील. मोजकेच पर्याय असलेला रकाना, उदाहरणार्थ ‘हो’ किंवा ‘नाही’, सॉर्ट करताना नेमके हेच होते. यावरचा उपाय पार्टिशनमध्ये करावा लागतो: पिव्हटपेक्षा लहान, समान आणि मोठे असे तीन भाग करायचे आणि मधल्या भागाला पुन्हा हात लावायचा नाही.

शेवटच्या विधानाला फार जागा देण्याची गरज नाही. O, Ω आणि Θ ही एखाद्या फलनाला वरून, खालून किंवा दोन्हीकडून घातलेली मर्यादा सांगतात. ते फलन वर्स्ट केसचे आहे, सरासरीचे की बेस्टचे, हे आधी वेगळे ठरवावे लागते. क्विकसॉर्टची सरासरी O(n log n) आहे आणि त्याचा वर्स्ट केस Ω(n²) आहे, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी निर्दोष आहेत. स्लाइडच्या कोष्टकात म्हणूनच ‘ॲव्हरेज’ या मथळ्याखाली एक ओळ जास्त हवी: कोणते इनपुट किती शक्य मानले आणि पिव्हट कसा निवडला.