नॉमिनी दीर आहे, मग पैसे त्याचेच का?

"भावजी मृत्युपत्र न करता गेले, बारा लाखांच्या एफडीवर नॉमिनी त्यांचा धाकटा भाऊ, बँक म्हणते पैसे त्यालाच. मग बहिणीला काहीच नाही का?"

ताई, बँक बरोबरच सांगतीय, पण अर्धंच. नॉमिनी म्हणजे फक्त पैसे हातात घेणारा माणूस, मालक नव्हे. त्याला पैसे दिले की बँक मोकळी होते, पुढं ते वारसांना देणं त्याच्यावर बंधनकारक असतं. सुप्रीम कोर्टानं विम्याच्या बाबतीत १९८३ ला आणि शेअर्सच्या बाबतीत २०२३ ला हेच सांगितलंय.

आता वारस कोण, तर मृत्युपत्र नाही म्हणून हिंदू वारसा कायदा १९५६ लागतो. एफडी भावजींच्या स्वतःच्या कमाईची असेल तर बायको, मुलगा, मुलगी आणि भावजींची आई हयात असेल तर तीपण, असे चौघं असतील तर प्रत्येकी तीन लाख. सासूबाईंचा वाटा लोक हमखास विसरतात आणि मग भांडण लागतं. हे वारस असताना भावाला काही नाही.

प्रोबेट हे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, इथं मृत्युपत्रच नाही तर तो विषयच नाही, कुणी त्याच्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका. दीर ऐकत नसेल तर मात्र थांबू नका, पैसे निघायच्या आत दिवाणी कोर्टात वकिलाकडून वाटणीचा दावा आणि मनाईचा अर्ज करा, कारण कोर्टाचा आदेश हातात नसला तर बँक नॉमिनीला पैसे देऊन टाकते आणि नंतर ते दिराकडून वसूल करत बसावं लागतं.