सात वर्षं झाली म्हणून २०१८-१९चे गठ्ठे रद्दीत घालू नका

"सर्व छोट्या ऑफिसेससाठी महत्त्वाचे!! १) कायद्याने ७ वर्षांवरचे कोणतेही कागद ठेवायची गरज नाही. २०१८-१९ पर्यंतचे सर्व आता काढून टाका. २) चलन, गेट पास, काटा पावती असल्या चिठ्ठ्या तर ऑडिट झाले की फेकल्या तरी चालतात. ३) स्कॅन केले की मूळ कागद नको. ४) पुढे काही विचारणा झाली तर ती सीएची जबाबदारी. जागा मोकळी करा, पुढे पाठवा."

रबाळ्याच्या एमआयडीसीत मशीनचे पार्ट बनवणाऱ्या माझ्या मेव्हण्याने हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दाजी, शनिवारी रद्दीवाला येतोय, तुमचंही काही असेल तर द्या." मी आधी फोन करून रद्दीवाला थांबवला. मी स्वतः वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात हिशेब आणि दप्तर सांभाळतो, त्यामुळे असले मेसेज दर मार्च-एप्रिलला कुठून ना कुठून येतातच. पण घरच्याच माणसाने खरं मानल्यावर गप्प बसवत नाही.

आधी आकड्याचं बघू. सात हा आकडा अगदीच हवेतून आलेला नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. जुन्या आयकर नियमांत डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांनी वह्या आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षं ठेवायच्या, असा नियम ६एफ होता. आकारणी वर्ष हिशेबाच्या वर्षाच्या पुढचं, म्हणून झाली सात. कुणीतरी तेवढंच उचललं आणि "कोणतेही कागद" असं करून टाकलं.

मेव्हण्याची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. जुलै २०१८मध्ये त्याने घेतलेल्या लोखंडी सळ्यांचं एक बिल धरा. मेसेजप्रमाणे ते ३१ मार्च २०२६ नंतर रद्दी. आता जीएसटी कायद्याचं कलम ३६ उघडा. तिथे मुदत आहे ७२ महिने, पण ती बिलाच्या तारखेपासून मोजायची नसते आणि वर्ष संपल्यापासूनही नसते. त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून मोजायची असते. २०१८-१९साठी ही तारीख वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२० झाली होती. म्हणजे बिल ३१ डिसेंबर २०२६पर्यंत हलवायचं नाही. त्यावर कंपनी कायद्याचं कलम १२८: चालू वर्षाच्या मागची आठ आर्थिक वर्षं, वह्या आणि व्हाउचर दोन्ही. २०२६-२७ चालू असताना मागची आठ म्हणजे २०१८-१९पासून २०२५-२६. तेव्हा हे बिल १ एप्रिल २०२७च्या आत कपाटातून निघत नाही. एकट्या मालकीचा धंदा असेल तर हे आठ वर्षांचं कलम लागू नाही, जीएसटीचं मात्र आहेच.

आणि याच्याही वर कलम ३६चं परंतुक आहे. एखाद्या वर्षावर अपील, चौकशी किंवा दुसरी कारवाई चालू असेल, तर त्या विषयाचे कागद अंतिम निकालानंतर एक वर्ष ठेवायचे. आधीची मुदत आणि हे एक वर्ष, यात जे उशिरा संपेल ते धरायचं. २०१८-१९बद्दल जीएसटीच्या नोटिसा किती जणांना आल्या, हे ठाणे-बेलापूर रोडवरच्या कुठल्याही गाळ्यात विचारा. मेव्हण्यालाही आली होती, आणि त्याचं अपील अजून लटकलेलं आहे! ज्या वर्षाचा वाद चालू आहे त्याच वर्षाचे गठ्ठे हा माणूस शनिवारी किलोवर विकणार होता.

आता दुसरा मुद्दा. या मेसेजमधला सगळ्यात घातक हाच, कारण चिठ्ठ्या कुणाला कागदच वाटत नाहीत. मेव्हण्याचा वाद असा: त्याने जीएसटीच्या ३बी विवरणपत्रात जे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेतलं, त्यातलं पावणेदोन लाखांचं पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणाऱ्या २एमध्ये दिसत नाही, कारण एका पुरवठादाराने आपलं विवरणपत्र नीट भरलेलंच नव्हतं. २०१७-१८ आणि २०१८-१९साठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं १८३ क्रमांकाचं परिपत्रक आहे. फरक पाच लाखांपर्यंत असेल तर पुरवठादाराचं प्रमाणपत्र चालतं. पण हा पुरवठादार गाळा बंद करून कधीच निघून गेला. मग हातात उरतं काय? जीएसटीचं कलम १६ विचारतं की बिल तुमच्याकडे आहे का आणि माल प्रत्यक्ष मिळाला का. बिल आहे, पैसे बँकेतून गेलेत, पण माल आला हे बिलावरून सिद्ध होत नाही. ते सिद्ध करते गेटवरची आवक नोंदवही, वॉचमनचा शिक्का मारलेलं चलन, ट्रकचा नंबर आणि वजन असलेली काटा पावती. तिघांवरचा ट्रक नंबर आणि तारीख जुळली की मग बोलायला तोंड राहतं. म्हणून ही चिटोरी वेगळ्या पिशवीत कोंबू नका, ज्या बिलाची त्याच बिलामागे टाचा आणि बिलाइतकीच ठेवा.

स्कॅनचा मुद्दा अर्धा खरा. पेट्रोल पंपाच्या आणि काट्याच्या थर्मल पावत्या वर्ष-दोन वर्षांत कोऱ्या होतात, त्या आल्या दिवशीच स्कॅन करा. पण मूळ फेकायची घाई कशाला? भारतीय साक्ष्य अधिनियमात मूळ दस्तऐवज हाच पहिला पुरावा. संगणकातली प्रत द्यायची तर कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइल बदललेली नाही हे दाखवणारी हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. आणि मूळ कागद तुम्हीच फाडलात म्हटल्यावर समोरचा वकील दुसरं काही विचारणारच नाही. मुदत आहे तोवर दोन्ही ठेवा. एमआयडीसीच्या गाळ्याचा लीज करार तर लोखंडी कपाटात, तो ९५ वर्षांचा असतो.

पगारपत्रकांचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही, म्हणजे तीही "कोणतेही कागद"मध्ये गेली. नोव्हेंबर २०२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वाढीव पेन्शनसाठी अर्ज झाले, तेव्हा पीएफ कार्यालयाने मालकांकडे थेट जुन्या पगाराचे तपशील मागितले. पेन्शन योजना १९९५ची आहे. ज्यांनी पगारपत्रकं रद्दीत घातली होती त्यांचे कामगार अडकले. पगार आणि पीएफची पत्रकं मी काढतच नाही, जागा फार लागत नाही त्यांना.

सीएची जबाबदारी? कलम १२८ वाचा. वह्या न ठेवल्याचा दंड पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत, आणि तो व्यवस्थापकीय संचालक, अर्थविभाग बघणारा पूर्णवेळ संचालक, सीएफओ किंवा संचालक मंडळाने नेमलेली व्यक्ती यांना. सीएचं नाव त्यात नाही.

मेव्हण्याला मी सांगितलंय ते असं. प्रत्येक गठ्ठ्यावर वर्ष आणि "अमुक तारखेआधी काढू नये" असं जाड अक्षरात लिहायचं. एक नाश नोंदवही करायची: गठ्ठ्याचा क्रमांक, आत काय, मुदत कधी संपली, नोटीस किंवा अपील आहे का. शेवटच्या रकान्यात सीएकडून लेखी "नाही" आल्याशिवाय संचालकाने सही करायची नाही. सही झाली की दोघांसमोर श्रेडरमध्ये, कारण त्या गठ्ठ्यांत कामगारांच्या आधार-पॅनच्या झेरॉक्सा असतात आणि त्या वडापावच्या गाडीवर पोचायला वेळ लागत नाही. २०१७-१८चा गठ्ठा, त्या वर्षाचं काही प्रलंबित नसेल तर, आता या वहीतून जाऊ शकतो. २०१८-१९चा १ एप्रिल २०२७ला बघू, अपिलातले कागद बाजूला काढून.