‘नाम्’ की ‘नांगळ्’?

“मराठीतल्या ‘आपण’सारखं तमिळमध्ये ‘नाम्’ आहे ना? मग जाहिरातीत सरसकट तेच घातलं तर काय बिघडतं? जवळचं वाटतं उलट.”

बिघडतं ते पैशांच्या मेसेजमध्ये. मी भाषांतर तपासायचं काम करते. एका कंपनीच्या मेसेजमध्ये ‘तुमचे पैसे दोनदा कापले गेले, ते आम्ही परत करू’ असं सांगायचं होतं. मसुद्यात ‘नाम् तिरुप्पित् तरुवोम्’ आलं. म्हणजे पैसे परत करणाऱ्यांत बिचारा ग्राहकही आला! तिथे ‘नांगळ्’च हवं, म्हणजे ग्राहकाला वगळणारं ‘आम्ही’. चूक, माफी, हमी, परतावा हे सगळं कंपनीचं, म्हणून ‘नांगळ्’ आणि ‘एंगळ्’ (आमचं).

गंमत म्हणजे क्रियापद मदत करत नाही. दोन्हींना ‘तरुवोम्’च, जसं मराठीत ‘आपण देऊ, आम्ही देऊ’. त्यामुळे सर्वनाम गाळलं तर वाक्य चालतं, पण कोण देणार हे संदर्भावरच सोडावं लागतं. पैशांच्या बाबतीत मी ते गाळू देत नाही.

‘नाम्’ आणि बोलीतलं ‘नम्म’ (आपलं) कुठे? जिथे ग्राहक खरोखर त्यात आहे तिथे: पोंगलच्या शुभेच्छा, ‘नम्म चेन्नई’. माझी कसोटी साधी आहे. वाक्यात ‘तुम्हीसुद्धा’ घालून बघायचं. खोटं वाटलं तर ‘नांगळ्’.

आणि मराठीचा हिशेब तिथे लावू नका. आपल्याकडे ‘आपला खाते क्रमांक’ म्हणजे आदराने ‘तुमचा’. ‘नम्म’ असा आदरार्थी ‘तुमचा’ होत नाही, तिथे ‘उंगळ्’ लागतं.