काउंटरवर कर्णबधिर ग्राहक आला की: फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

“काउंटरवर बहिरा माणूस आला तर मोठ्यानं आणि सावकाश बोला, ते ओठ वाचतात. नाहीच कळलं तर कागदावर लिहून द्या. मान हलवली म्हणजे कळलं. सोबत कुणी असेल तर त्याच्याशीच बोला, आणि हाताला धरून लगेच मदत करा.”

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या काउंटरवर मी अनेक वर्षं बसतो. हा मेसेज आमच्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर तीनदा आला. लिहिणाऱ्याचं मन चांगलं आहे यात शंका नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मी स्वतः करून पाहिली आहे, आणि तिचा फटका समोरच्या माणसाला बसलेला पाहिला आहे.

गेल्या वर्षी एका महिन्याच्या ५ तारखेला चाळिशीचे एक गृहस्थ मुदत ठेवीची पावती घेऊन आले. कानाकडे बोट दाखवून त्यांनी हात हलवला. ठेव ५०,००० रुपयांची, वर्षाची, ८ टक्क्यांची. मुदत १८ तारखेला संपणार होती. मी काचेपलीकडून ओरडून सांगितलं, “अठराला या.” त्यांनी मान हलवली आणि गेले. ८ तारखेला ते परत हजर. रोजगार बुडवून, दोन बस बदलून आले होते.

चूक कुठं झाली ते आरशासमोर उभं राहून “आठला” आणि “अठराला” म्हणून बघा. ठ, र, ल हे सगळे जिभेचे आवाज, तोंडाच्या आत होणारे. बाहेरून दिसते ती फक्त जबड्याची उघडझाप. प, ब, म यांना ओठ एकसारखेच मिटतात, त्यामुळे “बारा” आणि “मारा” ओठांवर सारखेच दिसतात. क आणि ग तर घशाजवळ होतात, ते दिसतच नाहीत. ओठ वाचणारा माणूस अर्ध्याहून अधिक वाक्य अंदाजानं भरतो, आणि तारीख, रक्कम, नाव यांत अंदाज चालत नाही.

ओरडल्यानं तर आणखी बिघडतं. आपलं नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिर कुणाला म्हणायचं, तर ज्याच्या दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणदोष आहे त्याला. म्हणजे नेहमीचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून आपण आवाज चढवतो. आपण ओरडतो तेव्हा मुख्यतः स्वर फुगतात. शब्द ओळखू येतात ते व्यंजनांवरून, आणि ती तशीच पुसट राहतात. श्रवणयंत्र असेल तर ओरडणं कानात नुसतं फाटतं. वर आपला चेहरा रागावल्यासारखा होतो, तोंड वाकडंतिकडं होतं, आणि जे थोडं वाचता येत होतं तेही जातं. शब्द तोडून तोडून बोलल्यानंही हेच होतं.

आवाजापेक्षा उजेड कामाचा. माझ्या पाठीमागे खिडकी होती, म्हणजे त्यांना माझं तोंड काळं दिसत होतं. नजर माझी संगणकावर, हात मिशीपाशी, मध्ये चमकणारी काच. आता मी खुर्ची फिरवून घेतली आहे. कर्णबधिर माणूस आला की आधी त्यांची नजर माझ्याकडे येऊ देतो; दुसरीकडे पाहत असतील तर समोरून हात हलवतो. नमस्कार करतो, मगच पुढचं. टाइप करायचं असेल तेव्हा बोलणं थांबवतो. टोकन पुकारून उपयोग नाही, त्यामुळे पाळी आली की उठून समोर जातो.

आता लिहिण्याबद्दल, कारण इथं आपल्या भागाची खरी अडचण आहे. ८ तारखेला माझ्या सहकाऱ्यानं चिठ्ठी लिहिली: “मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याजदरात कपात होईल.” गृहस्थांनी ती वाचली, मान हलवली आणि ठेव मोडायच्या अर्जावर सही करायला पेन मागितलं. मला शंका आली म्हणून मी कोरा कागद आणि पेन त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी लिहिलं ते कानडीत. घरी सगळे मराठी, पण शाळा कानडी माध्यमाची. आमची चिठ्ठी त्यांनी अक्षरं जुळवत पाहिली होती, इतकंच.

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात आडनावावरून लिपी ठरवू नये. पेन आधी त्यांच्या हातात द्यावं. ते ज्या लिपीत लिहितील तीच आपली. आणि लिपी जुळली तरी वाक्य जड नको. जो लहानपणापासून सांकेतिक भाषेत वाढला, त्याला लिहिलेली मराठी किंवा कानडी ही दुसरी भाषा असते, आणि तिचं व्याकरण हातांच्या भाषेहून वेगळं. “मोडल्यास”, “आणल्याशिवाय मिळणार नाही” अशी वळणं तिथं अडकतात. “ओळखपत्र आणा. मग पैसे.” एवढं पुरतं.

त्या दिवशी मी कॅलेंडर काढलं. ८ वर बोट ठेवून खाली ५२,९१८ लिहिलं: ३५५ दिवसांचा कमी दर ७ टक्के, त्यातून एक टक्का दंड, म्हणजे ६ टक्क्यांनी जेवढे होतात तेवढे. मग १८ वर बोट ठेवून ५४,००० लिहिलं. भुवया उंचावून दोन्हींकडे हात केला: कुठलं? भुवया उंचावणं हे भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्न विचारण्याचंच लक्षण आहे, म्हणून ते चटकन पोचतं. त्यांनी दोन आकड्यांमधला फरक बोटानं दाखवला, अर्ज माझ्याकडे परत ढकलला आणि १८ भोवती गोल काढला.

मान हलवण्याचं उत्तर यातच आहे. ५ ला हलली, चिठ्ठीला हलली, दोन्ही वेळा कळलेलं नव्हतं. “तुम्ही बोलताय ते मी पाहतोय” एवढाच तिचा अर्थ अनेकदा असतो, शिवाय मागे रांग असली की माणूस संकोचतो. म्हणून “कळलं का?” विचारत नाही, तारीख, रक्कम त्यांनाच लिहायला लावतो.

सोबत्याबद्दल थोडक्यात. खातं ज्याचं, नजर त्याच्याकडे. सोबतच्यानं अर्थ सांगावा असं त्यांनी स्वतः खुणावलं तरच, आणि तेव्हाही मी खातेदाराकडेच पाहून बोलतो. शिल्लक भावाला कळावी की नाही हा त्यांचा प्रश्न.

हात धरू नका, हे मात्र मला कळकळीनं सांगायचंय. तो हात त्यांची जीभ आहे. एका बाईंना आमच्या शिपायानं मनगट धरून दुसऱ्या खिडकीपाशी नेलं. त्या सांगायचा प्रयत्न करत होत्या की पासबुक भरायचंय, पैसे काढायचे नाहीत. काम काय आहे ते विचारायच्या आतच मदत सुरू झाली होती. माझ्या काउंटरवर आता एक पुठ्ठा आहे: तोंड, पेन आणि दोन हात अशी तीन चित्रं. ते एकावर बोट ठेवतात, आम्ही तसं बोलतो. मदत हवी का, हे त्यानंतर.

१८ ला ते गृहस्थ आले, ५४,००० घेतले आणि कानडीत लिहून विचारलं, पुतण्याच्या कर्जाला जामीन राहता येईल का? इथं मी बोटं आणि कॅलेंडर बाजूला ठेवलं. काउंटरवरच्या खुणा म्हणजे सांकेतिक भाषा नव्हे. हप्ते थकले तर वसुली कुणाकडून होते हे त्यांत सांगता येत नाही. दुभाषी घेऊन बसू, असं लिहून दिलं. भारतीय सांकेतिक भाषेत गावागणिक काही खुणा बदलतात, पण मराठी-कानडीची अडचण तिथं नसते. भेटीची तारीख त्यांनीच माझ्या वहीत लिहिली.