आठ टक्के फ्लॅट आणि दाजींचा पिकअप

«कर्जासाठी दारोदार हिंडू नका. मोबाईलमधल्या एक्सेलमध्ये हप्ता काढायचं PMT फंक्शन टाका, प्रत्येक ऑफरचा व्याजदर, महिने आणि रक्कम भरा. ज्याचा हप्ता सगळ्यात कमी ते कर्ज सगळ्यात स्वस्त. फ्लॅट ८ टक्के मिळालं तर डोळे झाकून घ्या. फी किरकोळ असते, ती धरत बसू नका. उत्तर मायनसमध्ये आलं तर शीट बिघडली समजा.»

हा मेसेज तासगावच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "पाव्हणं, बघा, ह्यात बसवलं की झालं." द्राक्षं बाजारात न्यायला त्यांना जुना पिकअप घ्यायचाय, कर्ज ६ लाखांचं. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर मी बघून सोडून दिलं असतं. पण दाजी दोन दिवसांत सही करणार होते.

मायनसचं आधी उरकून टाकतो. शीट बिघडलेली नसते. हातात येणारा पैसा अधिक आणि हातातून जाणारा उणे, एवढाच त्याचा अर्थ. रकमेच्या आधी उण्याची खूण द्या, हप्ता अधिकात दिसेल. मेसेजवाल्याला खरं तर दुसरी चूक सांगता आली असती. वर्षाचा दर १२ नं भागायला विसरलं की ६ लाखांच्या, ११ टक्के, ६० महिन्यांच्या कर्जाचा हप्ता ६६,१२६ दिसतो. तसा आकडा दिसला तर घाबरू नका, भागाकार राहिलाय.

आता फ्लॅटचं बघू, कारण खरं नुकसान तिथं आहे. दाजींकडे एका बँकेची ऑफर होती, ११ टक्के, ६० महिने. आणि एका फायनान्स कंपनीची, ८ टक्के फ्लॅट, तेवढेच महिने. त्यांनी दोन्ही PMT मध्ये भरले.

```
=PMT(11%/12,60,-600000)
=PMT(8%/12,60,-600000)
```

पहिल्याचं उत्तर १३,०४५, दुसऱ्याचं १२,१६६. महिन्याला जवळजवळ नऊशे वाचले म्हणून दाजी खूष. मी विचारलं, एजंटनं दिलेल्या कागदावर हप्ता किती लिहिलाय? तिथं होतं १४,०००.

PMT चुकलेलं नाही. शिल्लक मुद्दल जसं उतरत जाईल तसं व्याज उतरतं, हे धरूनच ते फंक्शन चालतं. फ्लॅटमध्ये तसं होतच नाही. ६ लाखांचे ८ टक्के म्हणजे ४८,०००, पाच वर्षांचे २,४०,०००. ते मुद्दलात मिळवून ८,४०,००० झाले, भागिले ६०, हप्ता १४,०००. म्हणजे दर महिन्याला १०,००० मुद्दल आणि ४,००० व्याज, पहिल्या हप्त्यापासून शेवटच्यापर्यंत. या कागदावरच्या हिशेबानं शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे १०,००० च बाकी असतात आणि त्यावर एका महिन्याचं व्याज ४,०००. दाजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "आमच्या आज्याच्या वेळचा सावकार बी येवढं घेत नव्हता." बँकेच्या कर्जात शेवटच्या हप्त्यातलं व्याज असतं सुमारे ११८ रुपये.

म्हणून फ्लॅट दर PMT मध्ये घालायचाच नाही. उलट बाजूनं जायचं. कागदावरचा खरा हप्ता घ्यायचा आणि RATE ला दर विचारायचा.

```
=RATE(60,-14000,600000)*12
```

उत्तर येतं ०.१४१३, म्हणजे १४.१३ टक्के. डोळे झाकून घ्यायला सांगितलेलं कर्ज बँकेपेक्षा तीन टक्क्यांनी महाग निघालं. ओळखायची खूण सोपी आहे. सांगितलेला दर टाकून PMT नं दिलेला हप्ता आणि कागदावरचा हप्ता जुळला नाही, तर दर फ्लॅट आहे किंवा कर्जात विमा, फी असं काहीतरी मिसळलंय. एजंटला तेवढंच विचारायचं.

किरकोळ फीचंही असंच. बँकेची फी १ टक्का, ६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७,०८०. हे कापून हातात ५,९२,९२० पडतात, पण हप्ता पुऱ्या सहा लाखांवरचा चालतो.

```
=RATE(60,-13045,600000-7080)*12
```

११ चे ११.५ झाले. आता कुणी ११.२५ टक्क्यांनी बिनफीचं कर्ज देत असेल तर तेच स्वस्त, जरी PMT त्याचा हप्ता जास्त दाखवेल.

कमी हप्त्याच्या गोष्टीत मात्र अर्धं खरं आहे, हे नाइलाजानं मान्य करतो. दाजींकडे तिसरी ऑफर होती, १२ टक्के, ८४ महिने, हप्ता १०,५९२. द्राक्षाचा पैसा जानेवारी ते एप्रिलमध्ये येतो. पावसाळ्यात १३ हजार काढणं आणि साडेदहा हजार काढणं यात फरक पडतो, आणि हप्ता थकला तर स्वस्त व्याजाचा उपयोग काय? पण ते कर्ज स्वस्त नाही, लांब आहे. एकूण व्याज बँकेपेक्षा सुमारे १,०७,००० जास्त जातं. तुलना करायची तर मुदत सारखी धरा. १२ टक्के ६० महिन्यांवर १३,३४७, बँकेचे १३,०४५. आणि बँकेनंच ८४ महिने दिले तर हप्ता १०,२७३. दाजींनी बँकेला हे विचारलंच नव्हतं.

माझ्या शीटवर विश्वास नसेल तर रिझर्व्ह बँकेचं बघा. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या रिटेल, म्हणजे सामान्य माणसांच्या, कर्जांना बँका आणि फायनान्स कंपन्यांनी करार होण्याआधी मुख्य तथ्य विवरण द्यायचं असतं, तेही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. त्यात फी, विमा सगळं धरून काढलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. या पत्रकात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. फ्लॅटचे ८ टक्के या चौकटीत लपत नाहीत. तीन पत्रकं शेजारी ठेवली की PMT सुद्धा नको. आपल्याकडच्या पतसंस्था मात्र सहकार खात्याकडे येतात, त्यांना हे परिपत्रक लागू नाही. तिथं हप्ता विचारा आणि RATE स्वतः चालवा.

दाजींच्या एजंटला हा कागद मागितला तर तो म्हणाला, "साहेब, तो पैसे जमा झाल्यावर मिळतो." नियम बरोबर उलटा आहे. सही थांबली. बँकेकडे आता ८४ महिन्यांसाठी विचारणा चाललीय.

काल रात्री दाजींचा फोन आला. म्हणाले, "हप्त्याचं सगळं कळलं. पण पाव्हणं, तो मेसेज मी गावातल्या अकरा जणांना पाठवलाय, त्यातल्या एकानं सही बी केली. त्याला काय सांगू?"